नळीतलं रक्त आणि वारेतलं रक्त

"माझं तीनदा गेलं. रिपोर्टात लिहिलंय की रक्त गोठायला दुप्पट वेळ लागतो. मग डॉक्टर रक्त पातळ करायची इंजेक्शनं कशाला सांगतात? आधीच पातळ, त्यात आणखी पातळ केलं तर मूल राहू दे, मी तरी राहीन का?"

हे विचारणारी बाई गोव्यातल्या चोडण बेटावरची. रायबंदरला फेरीबोटीतून उतरून, सासू आणि नवऱ्यासह सकाळी साडेनऊलाच माझ्या टेबलासमोर येऊन बसली होती. वय एकोणतीस. मी डॉक्टर नव्हे. प्रसूतिविभागात समुपदेशक म्हणून बसते. डॉक्टर सांगतात ते दहा मिनिटांत सांगून होतं, आणि ते पचायला लागणारा उरलेला तास माझ्या वाट्याला येतो. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

तिची फाईल जाड होती. पहिलं नवव्या आठवड्यात गेलं. दुसरं अकराव्यात, तेही सोनोग्राफीत हृदयाचे ठोके दिसल्यावर. तिसरं एकोणिसाव्या आठवड्यात. बाळ पूर्ण घडलेलं होतं, कुठलंही व्यंग नव्हतं, फक्त महिन्यांच्या मानाने बारीक. वार तपासायला पाठवली होती, तिच्यात जागोजागी रक्तपुरवठा तुटून मेलेले पांढरट भाग सापडले होते. त्या तिसऱ्या वेळी, मूल काढण्याआधीच्या तपासणीत, रक्त गोठण्याची एपीटीटी ही चाचणी ६१ सेकंदांवर गेली. त्या प्रयोगशाळेत साधारण ३० सेकंद हे ठीक धरतात. ते प्रकरण दुसऱ्या एका ठिकाणी चाललं होतं. तिथे सगळे घाबरले, रक्तस्राव होईल म्हणून प्लाझ्माच्या, म्हणजे गोठवणारे घटक असलेल्या रक्तद्रवाच्या, चार पिशव्या चढवल्या आणि पुन्हा तपासलं. एपीटीटी ५९.

तेव्हा कुणी थांबून त्या ५९ कडे पाहायला हवं होतं. गोठवणारे घटक कमी असते तर चार पिशव्यांनी आकडा बराच खाली यायला हवा होता. तो जागचा हलला नाही. शिवाय रक्तस्रावही बेताचाच झाला.

मी आकडे बाजूला ठेवले आणि तिला घरगुती प्रश्न विचारले. दाढ काढली होती का? हो, दोन वर्षांपूर्वी. रक्त किती आलं? "कापूस तासाभरात काढला." पाळी? चार दिवस, नेहमीची. विळीवर बोट कापलं तर? "हळद दाबली की थांबतं." अंगावर उगाच निळे डाग? नाहीत. ज्या बाईचं रक्त खरोखर गोठत नाही तिच्या आयुष्यात याच्या खुणा कुठेतरी सापडतात. हिच्या आयुष्यात नव्हत्या. रक्त न गोठल्याचा पुरावा होता तो फक्त काचेच्या नळीत.

पुढची पायरी प्रयोगशाळेची. तिचा प्लाझ्मा आणि निरोगी माणसाचा प्लाझ्मा अर्धा-अर्धा मिसळायचा आणि पुन्हा वेळ मोजायची. हिच्यात एखादा घटक कमी असता तर निरोगी अर्ध्यातून तो पुरेसा मिळाला असता आणि वेळ नेहमीच्या आकड्याजवळ आली असती. आली ५३. म्हणजे हिच्या रक्तात काही कमी नव्हतं, काहीतरी जास्त होतं, आणि ते निरोगी प्लाझ्मालाही अडवत होतं. ते म्हणजे शरीराने आपल्याच विरुद्ध बनवलेले प्रतिपिंड. त्यांना नाव आहे लुपस अँटिकोअ‍ॅग्युलंट, आणि त्या आजाराला अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम.

या नावाने जेवढा गोंधळ घातलाय तेवढा क्वचितच एखाद्या नावाने घातला असेल. लुपस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटण्याचा एक आजार. १९५२ साली हे पहिल्यांदा लुपस झालेल्या दोन रुग्णांत वर्णिलं गेलं, १९७२ साली त्याला हे नाव मिळालं, आणि मग लक्षात आलं की ज्यांच्यात ते सापडतं त्यांतल्या बऱ्याच जणांना लुपस नसतोच. आणि 'अँटिकोअ‍ॅग्युलंट' म्हणजे गोठण्याला विरोध करणारं. शरीरात हे करतं नेमकं उलट. पुढे १९८३ साली लंडनच्या ग्रॅहम ह्यूज यांनी गुठळ्या, गर्भपात आणि या प्रतिपिंडांची सांगड घातली. पण रिपोर्टवर जुनंच नाव छापून येतं आणि ते वाचून माणसं माझ्यासमोर रडतात.

"म्हणजे नळीत गोठत नाही आणि पोटात गोठतं? एकच रक्त?" नवरा म्हणाला. त्याच्या जागी मी असते तरी हेच म्हटलं असतं.

मी त्यांना त्यांचीच फेरीबोट सांगितली. रक्त गोठवणारी प्रथिनं नुसती रक्तात पोहत असतात तेव्हा त्यांचं काम जवळजवळ चालतच नाही. त्यांना बसायला एक पृष्ठभाग लागतो, स्निग्ध पदार्थाचा. त्याला फॉस्फोलिपिड म्हणतात. त्यावर एकमेकांशेजारी बसली की कामाला वेग येतो. नळीत तंत्रज्ञ हे फॉस्फोलिपिड मोजून आणि अगदी बेताचं घालतात. म्हणजे रात्री उशिरा धक्क्यावर एकच फेरी लागलेली आहे. आता तिच्या रक्तातले प्रतिपिंड, बीटा-२ ग्लायकोप्रोटीन नावाच्या एका प्रथिनाला धरून, त्या फेरीत आधीच पथारी पसरून बसतात. खऱ्या उतारूंना जागा मिळत नाही आणि पलीकडे पोचायला उशीर होतो. घड्याळ ६१ सेकंद दाखवतं.

हे खरं आहे का ते पाहायची युक्तीही सोपी आहे. आणखी फेऱ्या सोडायच्या. नळीत फॉस्फोलिपिड भरपूर वाढवलं की प्रतिपिंड कितीही बसू देत, उतारूंना जागा उरते आणि वेळ पुन्हा खाली येते. हिची बेताच्या फॉस्फोलिपिडवरची वेळ नेहमीच्या १.९ पट होती, भरपूर घातल्यावर १.१ पट. फॉस्फोलिपिड वाढवल्यावर सुधारते म्हणजे अडथळा फॉस्फोलिपिडवरच आहे, ही याची खूण.

शरीरात मात्र फेऱ्यांची टंचाई नाही. प्रत्येक पेशीचं आवरण म्हणजे एक फेरी. तिथे जागा अडवून काही बिघडत नाही. इथे माझी फेरीबोट धक्क्याला लागते, कारण प्रतिपिंडांची खरी खोड वेगळी आहे. ते रक्तवाहिनीच्या अस्तरावर, प्लेटलेटवर, पांढऱ्या पेशींवर जाऊन बसतात आणि त्यांना चिथावतात. गुळगुळीत अस्तर चिकट होतं, गोठवणारी यंत्रणा पेटते, गोठणं आवरणारी मंदावते. नळीत अस्तर नसतं, पेशी नसतात, म्हणून नळीला हे कळतच नाही. तिला फक्त जागेची भांडणं दिसतात.

आणि वार? तिच्या वरच्या पेशींवर हे बीटा-२ प्रथिन भरपूर असतं, त्यामुळे प्रतिपिंड तिथे विशेष चिकटतात. सुरुवातीच्या आठवड्यांत वारेच्या पेशींनी गर्भाशयाच्या बारीक रक्तवाहिन्यांत शिरून त्या रुंद करायच्या असतात. इथे ते काम अर्धवट राहतं. वर दाह असतो, आणि पुढे गुठळ्या. नुसत्या गुठळ्यांनीच सगळं होतं असं नाही. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली ती इंजेक्शनं, म्हणजे हेपॅरिन, हे फक्त 'रक्त पातळ करायला' देतात असंही नाही. दाहाची एक साखळीही ते रोखतं.

'रक्त पातळ' हा शब्द मी टाळते. सुरुवातीच्या वर्षांत मीच एका बाईला "तुझं रक्त घट्ट आहे" म्हणून सांगितलं होतं. पुढच्या भेटीत ती सांगायला आली की रोज चार लिटर पाणी पिते आणि नाचणी सोडली. रक्त पातळही नसतं, घट्टही नसतं. प्रश्न असतो तो ते कुठे, केव्हा गोठतं याचा.

सासूबाई एवढा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आमच्या भटजींनी सर्पदोष सांगितलाय. गोकर्णाला जाऊन करून घ्यायचं आहे." नवरा अवघडला. मी त्यांना अडवलं नाही. ज्याची त्याची श्रद्धा, आणि ती आपल्या तारखेने होऊ दे. पण मला एक गोष्ट आठवली आणि मी ती सांगून टाकली. या आजाराच्या मुख्य चाचणीत नळीत अगदी थेंबभर घोणसीचं विष घालतात. चाचणीच्या नावातच तो साप आहे. इंग्रजीत त्याला रसेल वायपर म्हणतात. घोणसीचं विष गोठण्याच्या साखळीतल्या दहाव्या घटकालाच थेट चालना देतं, मधल्या पायऱ्या गाळून, त्यामुळे तिथून पुढे फॉस्फोलिपिडवर कुणी जागा अडवलीय का ते स्वच्छ दिसतं. सासूबाईंनी हे ऐकून पदर सारखा केला आणि सुनेकडे पाहिलं. "म्हणजे सापानेच दाखवलं ते." मी हो म्हटलं. खोटं नव्हतंच.

नवरा पार्किंगचं बघायला बाहेर गेला, सासूबाई पाणी प्यायला उठल्या, तेवढ्यात ती माझ्याकडे झुकली. पहिल्या खेपेला, तीन वर्षांपूर्वी, दवाखान्यात नेहमीच्या तपासण्या केल्या होत्या. त्यांत व्हीडीआरएल थोडी पॉझिटिव्ह आली होती. ही चाचणी गुप्तरोगाची, सिफिलिसची. नवऱ्याला कुणी नीट सांगितलं नाही, हिला तर काहीच नाही. दुसऱ्या पक्क्या चाचणीत, टीपीएचएमध्ये, काही नाही निघालं. "पण त्या दिवसापासून ते माझ्याशी नीट बोलत नाहीत. म्हणजे बोलतात. पण..." तीन वर्षं तिने हे कुणाला सांगितलेलं नव्हतं.

मी ती नोंद फाईलमध्ये शोधली. होती, पहिल्याच कागदावर, फिकट शाईत. आणि तिथे मला या सगळ्या केसचा धागा सापडला, तो आधी डॉक्टरांच्याही नजरेतून सुटला होता. व्हीडीआरएल चाचणीचं द्रव्य कार्डिओलिपिनपासून बनवतात. कार्डिओलिपिन हेही एक फॉस्फोलिपिड. हिच्या रक्तातले याच कुळातले प्रतिपिंड त्या द्रव्याला चिकटले आणि चाचणीने उगाच बोट दाखवलं. त्याच कुळातल्या प्रतिपिंडांनी तीन वर्षांनी एपीटीटीला फसवलं. पहिल्या चाचणीने तिच्यावर संशय घेतला, दुसरीने तिचं रक्त गोठत नाही म्हटलं. दोन्ही वेळा खरं बोलत होते ते प्रतिपिंडच. ऐकणाऱ्यांना अर्थ लागत नव्हता.

नवऱ्याला परत बोलावून मी दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवले. हे सांगताना मी त्याच्याकडे पाहिलं नाही, कागदांकडे पाहिलं, कारण त्याला मान खाली घालायला जागा हवी होती. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग तिला म्हणाला, "पाणी पितेस का?" उठून आणून दिलं. बस एवढंच. पुढचं त्यांचं घरात झालं असेल, मला ठाऊक नाही.

आता नियमाची गोष्ट, कारण इथे घाई करून बऱ्याच जणांचं नुकसान होतं. एकदा चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून हा आजार ठरत नाही. एखाद्या साध्या संसर्गानंतरही असे प्रतिपिंड काही काळ दिसून निघून जाऊ शकतात. म्हणून किमान १२ आठवड्यांनी पुन्हा तपासतात, आणि तेव्हाही राहिले तरच शिक्का मारतात. लक्षणांच्या बाजूनेही काही हवं असतं: कुठे गुठळी झालेली, किंवा दहाव्या आठवड्यानंतर घडलेल्या निरोगी गर्भाचा एक तरी मृत्यू, किंवा त्याआधी ओळीने तीन गर्भपात, किंवा वारेच्या दोषाने ३४ आठवड्यांआधी झालेली प्रसूती. हिच्या बाबतीत अकराव्या आणि एकोणिसाव्या आठवड्यातली मुलं पुरेशी होती. कार्डिओलिपिन आणि बीटा-२ विरुद्धचे प्रतिपिंडही चढे होते, म्हणजे तिन्ही चाचण्या होकारार्थी. हा गट जास्त जोखमीचा. हे मी तिच्यापासून लपवलं नाही.

तिचे ते १२ आठवडे मोठे गेले. तोवर दिवस जाऊ नयेत म्हणून गर्भनिरोधक गोळ्या मात्र नकोत, असं डॉक्टरांनी बजावलं; नेहमीच्या गोळ्यांत इस्ट्रोजेन असतं आणि ते गुठळीची भीती वाढवतं. निरोध वापरायचं ठरलं.

दुसऱ्या तपासणीत लुपस अँटिकोअ‍ॅग्युलंट चक्क नकारार्थी आलं. घरात पेढे आले. पण कार्डिओलिपिनचे प्रतिपिंड जिथल्या तिथे होते, म्हणून आमच्या डॉक्टरांनी पेढा खाल्ला नाही. सॅम्पल जवळच्या कलेक्शन सेंटरवर दिलं होतं, तिथून ते गोठवून बाहेरगावी गेलं होतं. या चाचणीसाठी प्लाझ्मा यंत्रात दोनदा गरगर फिरवून प्लेटलेट जवळजवळ पूर्ण काढून टाकावी लागते. तसं न करता गोठवलं की उरलेल्या प्लेटलेट फुटतात, त्यांचं फॉस्फोलिपिड नळीत सांडतं, आणि प्रतिपिंड तिथेच गुंतून जातात. फेऱ्या आपोआप वाढल्या की हो! मग अडथळा कसा दिसणार? पुन्हा, योग्य पद्धतीने काढलेल्या रक्तात तो दिसलाच. तेव्हापासून मी बायकांना विचारते, "प्लाझ्मा दोनदा फिरवतात का, एवढं विचारून घे." हेपॅरिन चालू असतानाही ही चाचणी टाळायची, किंवा ते लॅबला सांगायचं.

उपचाराचं सांगते. गर्भ राहण्याच्या आधीपासून रोज कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन, ७५ मिलिग्रॅम. दिवस गेल्याचं कळताच एनॉक्सापॅरिन नावाचं हेपॅरिन ४० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, पोटाच्या कातडीखाली. १९९७ साली लंडनमध्ये अशा ९० बायकांवर अभ्यास झाला. नुसत्या अ‍ॅस्पिरिनवर शंभरातल्या ४२ जणींना जिवंत मूल झालं, हेपॅरिन जोडल्यावर ७१ जणींना. पुढच्या काही अभ्यासांत फरक एवढा मोठा दिसला नाही, पण उपचार तोच राहिला. तिने मला विचारलं, "मग उरलेल्या २९?" मी म्हटलं, त्यांतली तू नसशील असं मी सांगू शकत नाही. तिला ते उत्तर आवडलं नाही, पण त्यानंतर तिने माझ्यावर विश्वास टाकला, असं मला वाटतं.

चवथीच्या आसपास तिला दिवस गेले. पहिलं इंजेक्शन माझ्यासमोर नर्सने शिकवलं: बेंबीपासून चार बोटं दूर, कातडी चिमटीत धरायची, सुई सरळ आत, सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढायचा नाही, नंतर चोळायचं नाही. चोळलं की निळा डाग मोठा होतो. आठवड्याभरात तिचं पोट कैरीच्या लोणच्यासारखं डागाळलं, आणि ती दाखवायला आली. डाग ठीक आहेत, मी म्हटलं. पाय एका बाजूने सुजला, श्वास लागला किंवा डोकं फार दुखून डोळ्यांसमोर चमकू लागलं तर फेरीची वाट बघू नकोस, गाडी करून ये.

चोविसाव्या आठवड्यात गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर केला. रक्त जाताना जोर लागत होता. म्हणजे वारेची काळजी अजून पूर्ण मिटली नव्हती. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी बाळाची वाढ, दर भेटीला रक्तदाब आणि लघवी. तेहतिसाव्या आठवड्यात वाढ मंदावली. बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची दोन इंजेक्शनं झाली आणि चौतिसाव्याच्या शेवटी सिझेरियन ठरलं. आदल्या रात्री आठला शेवटचं हेपॅरिन, सकाळी दहाला ऑपरेशन, म्हणजे मधे चौदा तास. पाठीत भूल द्यायची तर प्रतिबंधक मात्रेनंतर किमान बारा तास जाऊ द्यावे लागतात.

ऑपरेशनच्या दारात भूलतज्ज्ञांनी ताजा रिपोर्ट वाचला. एपीटीटी ६४. त्यांनी प्लाझ्मा मागवायला सांगितला आणि पाठीत भूल देता येणार नाही म्हणाले. हे बाहेर उभ्या असलेल्या नर्सने मला फोनवर सांगितलं, आणि मी धावत खाली पोचेपर्यंत सगळं संपलेलं होतं. टेबलावर आडव्या पडलेल्या त्या बाईने, हातात सलाईन, डोक्यावर हिरवी टोपी, भूलतज्ज्ञांना सांगितलं होतं, "डॉक्टर, ते नळीतलं आहे. फाईलच्या पहिल्या पानावर रक्ततज्ज्ञांचं पत्र आहे, बघा. माझी दाढ काढली तेव्हा तासात थांबलं." पत्र होतं, मीच ते पुढे लावायला सांगितलं होतं. त्यांनी प्लेटलेट पाहिल्या, पीटी ही गोठण्याची दुसरी चाचणी पाहिली, पत्र वाचलं, आणि पाठीत भूल दिली. बाळ एक किलो ८६० ग्रॅमचं. मुलगी. थोडे दिवस काचेच्या पेटीत राहिली.

बाळंतपणानंतर सहा आठवडे इंजेक्शन चालूच असतं, कारण गुठळीचा धोका तेव्हाही चढा असतो. वापरलेल्या सुया सासूबाई एका रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीत टाकून ठेवत होत्या. बारशाच्या रात्री साडेदहाला त्यांचा फोन आला. "बाई, आज विसरलो. पाहुणे होते ना. आता दोन द्यायची काय?" मी म्हटलं, आता एकच द्या, उद्या नेहमीच्या वेळेला एक; दोन कधीच नाही. सहा आठवड्यांनी बाटली भरून ती परत घेऊन आल्या. मोजून आणल्या होत्या, म्हणाल्या. बेचाळीस.